अर्ध्याचं आम्ल, अर्ध्याचं अल्कोहोल

कडू बदामाला जो वास येतो तो बेन्झाल्डिहाइडचा. बेकरीत वापरतात त्या बदाम इसेन्समध्येही बहुधा तेच असतं. प्रयोगशाळेतल्या बाटलीत ते तेलासारखं, जवळजवळ रंगहीन दिसतं. या तेलात कॉस्टिक पोटॅशचं अगदी कडक द्रावण ओतावं, बाटलीला रबरी बूच घट्ट बसवावं आणि ती जोरजोरात हलवावी. तेल आणि पाणी आधी एकमेकांना दाद देत नाहीत, पण थोड्या वेळानं दुधाळ, दाट मिश्रण तयार होतं. मग बाटली रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी पाहावं तर आतला माल घट्ट होऊन बसलेला, पांढऱ्या स्फटिकांनी भरलेला, आणि बदामाचा वास बराचसा गेलेला.

त्या बाटलीत आता दोन नवे पदार्थ आहेत. एक बेन्झाइल अल्कोहोल, दुसरा बेन्झोइक आम्लाचा पोटॅशियम क्षार. गंमत अशी की पहिला पदार्थ मिळवायला बेन्झाल्डिहाइडला हायड्रोजन द्यावा लागतो आणि दुसरा मिळवायला ऑक्सिजन. रसायनशास्त्राच्या भाषेत एक क्षपण, दुसरं ऑक्सिडीकरण. दोन्ही उलट्या दिशेच्या क्रिया. आपण तर बाटलीत क्षपण करणारं काही घातलं नव्हतं आणि ऑक्सिडीकरण करणारंही नाही. बूचही घट्ट होतं. मग हायड्रोजन आला कुठून?

तो आला शेजारच्या बेन्झाल्डिहाइडकडूनच. एका रेणूनं आपला हायड्रोजन दुसऱ्याला दिला. देणारा आम्ल झाला, घेणारा अल्कोहोल झाला. बारावीच्या रसायनशास्त्रात ‘कॅनिझारो अभिक्रिया’ म्हणून जी दोन ओळींत उरकली जाते, ती हीच. कोणता रेणू देणारा ठरेल हे कळलं की तयार होणाऱ्या दोन्ही पदार्थांची नावं कागदावर आधीच लिहिता येतात. पुस्तकात मात्र हे बहुतेकदा पाठ करायला दिलेलं असतं, आणि म्हणून विद्यार्थी जरासं वेगळं ॲल्डिहाइड समोर आलं की अडतात.

स्तानिस्लाओ कॅनिझारो हा सिसिलीतल्या पालेर्मोचा, जन्म 1826 चा. 1848 च्या सिसिलीतल्या उठावात तो उतरला होता. उठाव फसल्यावर 1849 मध्ये त्याला देश सोडून फ्रान्सला जावं लागलं. पॅरिसमध्ये रसायनशास्त्रात हात बसला, आणि 1851 मध्ये पीडमाँटमधल्या अलेसांद्रिया गावच्या कॉलेजात तो शिकवू लागला. तिथंच 1853 मध्ये बेन्झाल्डिहाइडवर पोटॅशचा प्रयोग करून त्यानं हे दोन पदार्थ वेगळे केले. त्याचं खरं मोठं काम याहून निराळं आहे. अणुभार कसे ठरवायचे याचा जो घोळ तेव्हा चालू होता तो त्यानं 1858 च्या एका छोट्या पुस्तिकेत सोडवला, आणि 1860 च्या कार्ल्सरूहे परिषदेत ती वाटली गेली. त्या परिषदेला तरुण मेंडेलीव्हही हजर होता. तरी आज विद्यार्थ्यांना कॅनिझारो माहीत असतो तो या बाटलीमुळे.

आता ही अभिक्रिया सगळ्याच ॲल्डिहाइडांना का लागू पडत नाही, ते पाहू. ॲल्डिहाइड म्हणजे ज्याच्या टोकाला CHO हा गट आहे असा रेणू. या गटातल्या कार्बनला एका बाजूनं ऑक्सिजन दुहेरी बंधानं जोडलेला असतो, दुसऱ्या बाजूनं एक हायड्रोजन, आणि तिसऱ्या बाजूला उरलेला रेणू. या CHO ला लागून जो कार्बन असतो त्याला अल्फा कार्बन म्हणतात, आणि त्याच्यावर असलेल्या हायड्रोजनला अल्फा हायड्रोजन. CHO मधला स्वतःचा हायड्रोजन अल्फा नव्हे. ही गल्लत फार होते, आणि ती झाली की पुढचं सगळं गणित चुकतं.

अल्फा हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनच्या ओढीमुळे सैल झालेला असतो. कॉस्टिक सोड्यासारखी आम्लारी समोर आली की तो प्रोटॉन म्हणून सहज निघून जातो. त्याच्या जागी जो ऋण भार उरतो तो दुसऱ्या ॲल्डिहाइडच्या CHO वर जाऊन चिकटतो, आणि दोन रेणू मिळून एक लांब साखळी तयार होते. ही झाली अल्डॉल अभिक्रिया. ॲसिटाल्डिहाइडचं असंच होतं: त्याच्या अल्फा कार्बनवर तीन हायड्रोजन आहेत. अल्डॉलला संहत आम्लारी लागत नाही, विरल द्रावणातही ती झपाट्यानं होते. त्यामुळे अल्फा हायड्रोजन असलेलं ॲल्डिहाइड कॅनिझारोच्या वाटेला जाण्याआधीच दुसरीकडे वळतं. कडक आम्लारीत तर अल्डॉल एकावर एक होत जाऊन शेवटी तपकिरी चिकट राळ हाती येते.

बेन्झाल्डिहाइडमध्ये CHO ला लागून बेन्झिनचं कडं आहे. त्या कडीतल्या लगतच्या कार्बनवर एकही हायड्रोजन नाही. फॉर्माल्डिहाइडला तर अल्फा कार्बनच नाही, CHO च्या पलीकडे नुसता आणखी एक हायड्रोजन. पिव्हाल्डिहाइडमध्ये अल्फा कार्बन आहे, पण त्याच्या तिन्ही हातांना मिथाइल गट जोडलेले, हायड्रोजनला जागाच नाही. या तिघांची साखळी वाढवायची वाट बंद आहे. आम्लारी त्यांच्याकडून काही काढून घेऊ शकत नाही, म्हणून ती दुसरं काहीतरी करते.

ते दुसरं काहीतरी असं. हायड्रॉक्साइडचा ऋणभारित ऑक्सिजन CHO च्या कार्बनवर येऊन बसतो. कार्बनचा दुहेरी बंध एकेरी होतो आणि ऋण भार मूळच्या ऑक्सिजनवर जातो. इथपर्यंतची पायरी सोपी आहे, आणि तितकीच सहज उलटही फिरते. आता या कार्बनवर दोन ऑक्सिजन आले, आणि त्यातला ऋणभारित ऑक्सिजन पुन्हा दुहेरी बंध जोडायला धडपडतो. तो जोडायचा तर कार्बनला कुणाला तरी सोडावं लागेल. हायड्रॉक्साइड सुटलं तर आपण जिथं होतो तिथंच परत आलो. हायड्रोजन सुटला तर तो दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन जाईल, म्हणजे हायड्राइड होऊन जाईल. हायड्राइड सुटं होऊन द्रावणात फिरू शकत नाही, ते जबरदस्त आम्लारिधर्मी असतं. पण बाजूलाच दुसऱ्या ॲल्डिहाइडचा CHO तयार असेल, तर ते सुटं न होता थेट तिकडे जाऊ शकतं.

तसंच होतं. पहिल्या कार्बनवरून हायड्राइड दुसऱ्याच्या CHO कार्बनवर सरकतं. पहिल्याकडे आता COOH उरतं. दुसऱ्याचा CH2O− होतो, म्हणजे अल्कोहोलचाच ऋणभारित अवतार. तो लगेच आम्लाकडून किंवा पाण्याकडून प्रोटॉन घेतो. आम्ल आपला प्रोटॉन गमावून क्षार होऊन बसतं. ही शेवटची देवाणघेवाण मागे फिरत नाही, आणि सगळी अभिक्रिया पुढे खेचली जाते ती त्यामुळेच.

हायड्राइड सरकवायला कार्बनवर मोठा धक्का लागतो. आम्लारी संहत लागते ती यासाठी. हायड्रॉक्साइड भरपूर असेल तर त्या दोन ऑक्सिजनवाल्या रेणूवर उरलेला एक प्रोटॉनही निघून जातो आणि दोन्ही ऑक्सिजन ऋणभारित होतात. अशा दुहेरी ऋण रेणूतून हायड्राइड बाहेर पडायला जास्त तयार असतं. अभिक्रियेच्या वेगातही हे दिसतं. मध्यम संहतीला वेग हायड्रॉक्साइडच्या संहतीच्या प्रमाणात वाढतो, पण द्रावण फार कडक केलं की तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढू लागतो. ॲल्डिहाइडच्या संहतीचा मात्र सगळीकडे वर्गच लागतो, कारण दोन रेणू समोरासमोर आल्याशिवाय काम होतच नाही.

हायड्रोजन खरंच एका ॲल्डिहाइडकडून दुसऱ्याकडे जातो, की मधल्या पाण्यातून येतो? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर 1938 मध्ये फ्रेडेनहागेन आणि बोनहोफर यांनी एका साध्या युक्तीनं दिलं. त्यांनी अभिक्रिया जड पाण्यात केली, म्हणजे ज्यात हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊबंद ड्युटेरियम असतो अशा पाण्यात. अल्कोहोलच्या CH2 मधला नवा हायड्रोजन पाण्यातून आला असता, तर तिथं ड्युटेरियम सापडला असता. तो सापडला नाही. म्हणजे कार्बनवरचा हायड्रोजन कार्बनवरूनच आला. माझ्या मते हा सगळा विषय समजून घ्यायला हा एकच प्रयोग पुरे आहे.

यातून भाकिताची रीत आपोआप निघते. ॲल्डिहाइडचं सूत्र लिहा. CHO तेवढा खोडा. एकदा त्याच्या जागी CH2OH लिहा, एकदा COO− लिहा. बाकी रेणूला हात लावू नका, कारण कार्बनची संख्या बदलत नाही. बेन्झाल्डिहाइडसाठी ते असं दिसतं:

2 C6H5CHO + KOH → C6H5CH2OH + C6H5COOK

उत्तरात ‘बेन्झोइक आम्ल’ लिहिलं तर ते अर्धवट चूक आहे. कडक आम्लारीत आम्ल मोकळं राहूच शकत नाही, तिथं क्षारच असतो. आम्ल हवं तर नंतर हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ते सोडवून घ्यावं लागतं.

हेच समीकरण आता वजनात मांडून पाहू. 21.2 ग्रॅम बेन्झाल्डिहाइड घेतलं, म्हणजे साधारण 20 मिली. रेणुभार 106 असल्यामुळे हे 0.2 मोल झालं. अर्ध्या रेणूंचं अल्कोहोल होणार, म्हणजे 0.1 मोल, रेणुभार 108, जास्तीत जास्त 10.8 ग्रॅम. अर्ध्यांचं आम्ल, रेणुभार 122, जास्तीत जास्त 12.2 ग्रॅम. समीकरणाप्रमाणे पोटॅश जेमतेम साडेपाच-सहा ग्रॅम खर्च होईल. पण प्रत्यक्षात सुमारे 20 ग्रॅम पोटॅश 18 मिली पाण्यात विरघळवून घेतात. जास्तीचा भाग खर्च होत नाही, तो फक्त द्रावण कडक ठेवायला असतो. पोटॅश विरघळताना पाणी चांगलंच तापतं, म्हणून ते थंड करूनच तेलात मिसळायचं. बूच रबराचं किंवा कॉर्कचं हवं. काचेचं बूच अशा द्रावणात रात्रीत इतकं घट्ट चिकटतं की बाटली फोडण्याची वेळ येते.

सकाळी त्या घट्ट गोळ्यात स्फटिक विरघळण्यापुरतं पाणी घालायचं, सत्तर मिलीच्या आसपास. हात आवरता ठेवावा, कारण बेन्झाइल अल्कोहोलही पाण्यात थोडं विरघळतं. पाणी जितकं जास्त, तितकं अल्कोहोल हातचं जाणार. मग सेपरेटिंग फनेलमध्ये ओतून इथर घालायचं आणि हलवायचं. अल्कोहोल इथरमध्ये जातं, पोटॅशियम बेन्झोएट क्षार असल्यामुळे पाण्यातच राहतो. दोन पदार्थ वेगळे करायला याहून सोपी सोय मिळणार नाही: एक क्षार आहे आणि एक नाही, बस्स. इथर पेट घ्यायला अतिशय सोपं, तेव्हा जवळपास बर्नर पेटलेला नको.

इथरच्या थरात थोडं न बदललेलं बेन्झाल्डिहाइडही येतं. ते काढायला हा थर सोडियम बायसल्फाइटच्या द्रावणानं धुतात. बायसल्फाइट ॲल्डिहाइडला पकडून पाण्यात नेतं, अल्कोहोलला शिवत नाही. त्यानंतर सोडियम कार्बोनेटच्या द्रावणानं एक धुणं, मग निर्जल मॅग्नेशियम सल्फेट घालून वाळवणं, इथर उडवून लावणं, आणि राहिलेल्या तेलाचं ऊर्ध्वपातन. बेन्झाइल अल्कोहोल 205 अंश सेल्सियसला उकळतं. इतक्या उष्ण वाफेला पाण्याचा कंडेन्सर लावला तर काच तडकू शकते, म्हणून तिथं साधी लांब नळी, एअर कंडेन्सर, लावतात.

उरलेलं पाणी बर्फ घातलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात हळूहळू ओततात. ओतताक्षणी पांढरा साका पडतो. बेन्झोइक आम्ल थंड पाण्यात फार थोडं विरघळतं, शंभर मिलीत अर्धा ग्रॅमही नाही, पण उकळत्या पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं. तेव्हा उकळत्या पाण्यातून पुन्हा स्फटिक काढले की ते चकचकीत, सुयांसारखे मिळतात. द्रवणांक 122 अंश. यापेक्षा खाली आणि पसरट आला तर स्फटिक ओले आहेत किंवा अशुद्ध आहेत.

बिनसलं कुठं हे ओळखायच्याही खुणा आहेत. अल्कोहोलला अजून बदामाचा वास येत असेल, किंवा टू-फोर डीएनपीच्या द्रावणात त्याचा थेंब टाकल्यावर नारिंगी साका पडत असेल, तर ॲल्डिहाइड शिल्लक आहे. बहुतेकदा बाटली नीट हलवलेली नसते. तेल आणि पाणी दोन थरांत राहिले तर अभिक्रिया फक्त त्यांच्या सीमेवर होते. दुसरी खूण जास्त बोलकी आहे. समजा आम्ल 14 ग्रॅम मिळालं आणि अल्कोहोल सहाच. आम्ल 12.2 च्या वर जाऊच शकत नाही, मग हे जास्तीचं आलं कुठून? ते कोरडं असेल तर उत्तर मूळ बाटलीत असतं. बेन्झाल्डिहाइड हवेतला ऑक्सिजन घेऊन आपोआप बेन्झोइक आम्लात बदलत राहतं. जुन्या बाटलीच्या तोंडाशी पांढरी साय धरलेली दिसते ती तीच. म्हणून हा प्रयोग ताज्या ऊर्ध्वपातित बेन्झाल्डिहाइडनंच करावा. अल्कोहोल थोडं कमी मिळणं मात्र नेहमीचं आहे, कारण ते पाण्यात जातं, धुण्यात जातं, फ्लास्कच्या भिंतींना राहतं.

आपल्याकडच्या उसाच्या चिपाडापासून आम्लाच्या साहाय्यानं फरफ्युराल नावाचं ॲल्डिहाइड काढता येतं. त्याच्या पंचकोनी कडीतल्या अल्फा कार्बनवरही हायड्रोजन नाही. खोडण्याची रीत लावली की उत्तर येतं: फरफ्युराइल अल्कोहोल आणि फ्युरोइक आम्लाचा क्षार. प्रत्यक्षात हेच मिळतं, फक्त फरफ्युरालची कडी नाजूक असल्यामुळे मिश्रण 10 अंशांच्या खाली ठेवावं लागतं. गरम झालं की काळी राळ होते.

इतकं झालं तरी एक खटकतंच. बेन्झाइल अल्कोहोल हवं असेल तर निम्मा माल आम्लात जाणार, आणि पन्नास टक्क्यांच्या वर जाण्याची सोयच नाही. महाग ॲल्डिहाइड असेल तर हे परवडणारं नाही. यावर तोडगा असा की हायड्राइड देण्याचं काम दुसऱ्याच, स्वस्त ॲल्डिहाइडवर सोपवायचं. ते स्वस्त ॲल्डिहाइड म्हणजे फॉर्माल्डिहाइड, पाण्यातल्या द्रावणाच्या रूपात फॉर्मालिन म्हणून मिळणारं.

समजा हाती ॲनिसाल्डिहाइड आहे. बेन्झाल्डिहाइडच्याच कडीवर समोरच्या टोकाला एक OCH3 गट, रेणुभार 136. नुसतं ते आणि पोटॅश घेतलं तर 27.2 ग्रॅममधून, म्हणजे 0.2 मोलमधून, ॲनिसाइल अल्कोहोल जास्तीत जास्त 13.8 ग्रॅम मिळेल. आता त्यात फॉर्मालिन घातलं. कोण देणार, कोण घेणार? देणारा तोच, ज्याच्यावर हायड्रॉक्साइड आधी बसेल. फॉर्माल्डिहाइडचा कार्बन दोन्ही बाजूंनी नुसत्या हायड्रोजनांनी वेढलेला, त्याच्याजवळ पोचायला काही अडथळा नाही, आणि इलेक्ट्रॉन पुरवून त्याला शांत करणारी कडीही नाही. पाण्यात तर तो जवळजवळ सगळाच पाणी जोडलेल्या रूपात असतो, म्हणजे एका कार्बनवर दोन OH. हायड्राइड देण्याआधी जे रूप लागतं त्याच्या दारातच तो उभा आहे. ॲनिसाल्डिहाइडचा कार्बन मात्र कडीकडून आणि OCH3 कडून इलेक्ट्रॉन मिळत असल्यामुळे हायड्रॉक्साइडला फारसं ओढून घेत नाही.

म्हणून फॉर्माल्डिहाइड देतं आणि त्याचं फॉर्मेट होतं, ॲनिसाल्डिहाइड घेतं आणि त्याचं अल्कोहोल होतं. कमाल उत्पादन 13.8 वरून 27.6 ग्रॅमवर गेलं. हिशेबानं 0.2 मोल फॉर्माल्डिहाइड पुरे, म्हणजे 37 टक्क्यांचं फॉर्मालिन सुमारे 16 ग्रॅम. पण थोडं जास्तच घालतात, कारण काही फॉर्माल्डिहाइड आपसातच देवघेव करून मिथेनॉल आणि फॉर्मेट बनवून बसतं. त्याचं फारसं वाईट वाटायला नको, दोन्ही पाण्याबरोबर निघून जातात.

फॉर्माल्डिहाइडच्या जागी दुसरं एखादं कडीवालं ॲल्डिहाइड घेतलं तर ही शिस्त राहत नाही. बेन्झाल्डिहाइड आणि ॲनिसाल्डिहाइड एकत्र केले तर दोन्ही देतात, दोन्ही घेतात, आणि दोन आम्लं, दोन अल्कोहोलं असे चार पदार्थ मिळतात. त्यांचं प्रमाण सांगता येतं ते मोजूनच. असा प्रश्न परीक्षेत आला तर चार नावं लिहावीत, उगाच एकाला मोठं करू नये.

अल्फा हायड्रोजन नसणं पुरेसं आहे असंही नाही. क्लोराल, CCl3CHO, घ्या. अल्फा कार्बनवर तीन क्लोरीन, हायड्रोजन शून्य. हायड्रॉक्साइड त्याच्या CHO वर आनंदानं बसतं. पण आता कार्बनकडे सोडायला हायड्राइडपेक्षा सोपा भिडू आहे: CCl3. तीन क्लोरीनच्या ओढीमुळे तो ऋण भार सहज वाहून नेतो. म्हणून बंध तुटतो तो त्याचा, आणि हाती येतं क्लोरोफॉर्म आणि फॉर्मेट. अल्कोहोल नाहीच. व्हॅनिलिनचं उलट आहे. त्याच्या कडीवर फिनॉलचा OH आहे. आम्लारी त्याचाच प्रोटॉन काढते, कडी ऋणभारित होते आणि CHO ला इतके इलेक्ट्रॉन पुरवते की हायड्रॉक्साइड तिथं बसायलाच येत नाही. साध्या कॉस्टिकमध्ये व्हॅनिलिन जसंच्या तसं राहतं.

या सगळ्याचा सर्वात मोठा कारखानदारी उपयोग अल्फा हायड्रोजन असलेल्या ॲल्डिहाइडपासून सुरू होतो, हे ऐकायला विचित्र वाटेल. दारं-खिडक्यांना लावायच्या चकचकीत ऑइल पेंटमध्ये जी अल्किड राळ असते, ती बनवायला पेंटाएरिथ्रिटॉल नावाचं पांढरं स्फटिकरूप अल्कोहोल वापरतात. ते ॲसिटाल्डिहाइड आणि फॉर्माल्डिहाइडपासून बनतं, कॉस्टिक सोडा किंवा चुना घालून. ॲसिटाल्डिहाइडवरचे तिन्ही अल्फा हायड्रोजन एकामागून एक निघतात आणि प्रत्येकाच्या जागी फॉर्माल्डिहाइडकडून आलेला CH2OH बसतो. या झाल्या तीन अल्डॉल अभिक्रिया. तिसरी संपली की अल्फा हायड्रोजन उरलेलेच नाहीत. रेणूला आता पुढे साखळी वाढवता येत नाही, आणि भोवती फॉर्माल्डिहाइड भरपूर आहे. मग चौथं फॉर्माल्डिहाइड हायड्राइड देतं, CHO चा CH2OH होतो, आणि कार्बनच्या चारही हातांना CH2OH आलेला रेणू तयार होतो:

CH3CHO + 4 HCHO + NaOH → C(CH2OH)4 + HCOONa

वजनं मांडली तर डावीकडे 44, 120 आणि 40, बेरीज 204. उजवीकडे 136 आणि 68, बेरीज पुन्हा 204. म्हणजे दर 136 किलो पेंटाएरिथ्रिटॉलमागे 68 किलो सोडियम फॉर्मेट निघणारच. प्रक्रिया कितीही सुधारली तरी हा आकडा खाली येत नाही, कारण शेवटचं हायड्राइड कुणीतरी दिलेलं असतं आणि देणाऱ्याचं फॉर्मेट झालेलं असतं. त्यामुळे पेंटाएरिथ्रिटॉलचा कारखाना काढणाऱ्याला रंगवाल्यांच्या जोडीनं सोडियम फॉर्मेटचं गिऱ्हाईकही शोधावं लागतं, आणि ते त्याला बहुधा चामडं कमावणाऱ्यांकडे मिळतं.